घरी एकटे राहायचे वय कोणते?

“आई, मी आता बारा वर्षांचा झालो, दोन तास घरी एकटा राहीन की!” हे वाक्य बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा ऐकू येते. पण मूल घरी एकटे ठेवण्याचे किमान वय आपल्या कायद्यात दिलेले नाही. इंग्लंडच्या कायद्यातही ते नाही. तेथे एवढेच पाहतात, की एकटे ठेवल्याने मुलाला धोका होता काय. तेव्हा आकडा बाजूला ठेवून एक प्रसंग पाहू.

घरात चौदा वर्षांची ताई आहे आणि तीन वर्षांचा भाऊ तिच्यावर सोपवलेला आहे. शेगडीवर दूध तापते आहे. भाऊ रडला म्हणून ताई बाहेरच्या खोलीत गेली. दूध उतू गेले, ज्योत विझली. गॅस मात्र येतच राहिला.

हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेच्या दीड ते दोन पट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले, की एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात, तेही अशा बेताने, की त्या प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्यालाच, म्हणजे 0.4 टक्क्यालाच वास यावा. वास आला तेव्हा सहसा थोडा वेळ हाताशी असतो. पण नाकापेक्षा पायांजवळ गॅस जास्त असतो, हे विसरू नये.

आता ताईने काय करावे? शेगडीची कळ व रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, भावाला उचलून बाहेर पडावे आणि शेजाऱ्यांकडून 1906 या क्रमांकावर फोन करावा. विजेचे एकही बटन दाबू नये. बटन लावताना ठिणगी पडते, तशीच बंद करतानाही पडते.

हे सारे ताईला पाठ असेल. खरी अडचण निराळीच आहे. वास आला, की सवयीचा हात आपोआप पंख्याच्या बटनाकडे जातो. तो हात अडवण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाचे, आणि हा भाग विशीनंतरही पक्व होत असतो. शिवाय सर्वांचा एकाच वेगाने नाही. म्हणून अकरा वर्षांची एखादी मुलगी थांबू शकते, तर पंधराच्या मुलाला ते जमत नाही.

माझ्या मुलाने, तो तेरा वर्षांचा असताना, सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले होते. आठवड्याने तो अभ्यासात गढलेला असताना मी एकदम म्हणालो, “समज, गॅसचा वास येतोय!” तो धावत गेला तो थेट पंख्याच्या बटनापाशी. (मीही त्याच्या वयाचा असताना तेच केले असते.) नंतर असे अवचित प्रयोग आम्ही आणखी चार वेळा केले. चौथ्या खेपेस हात बटनापर्यंत गेला आणि मागे आला.