नाव खोडलं, घर तसंच

सांगलीच्या मावशीचा नऊ वर्षांचा लॅपटॉप शेजारच्या अकरावीतल्या मुलीला द्यायचा होता. मावशी निवृत्त शिक्षिका. देण्याआधी तिने सगळं जागच्या जागी नीट केलं होतं. फोटो पेनड्राइव्हवर घेतले, फोल्डर डिलीट केले, रिसायकल बिन रिकामी केली आणि D: ड्राइव्ह चक्क फॉरमॅटही केला. ‘‘अरे, आता त्यात काही म्हणजे काही नाही. नुसती पाटी कोरी आहे,’’ ती म्हणाली.

मी तिला शेजारी बसवलं आणि फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम एका पेनड्राइव्हवरून चालवला. कोऱ्या दिसणाऱ्या D: वर त्याने दोनेक तास शोध घेतला. सापडलेल्या फायलींना f0482176.jpg अशी आकड्यांची नावं होती, पण उघडल्यावर मात्र सगळं ओळखीचं होतं. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, काकांचे दवाखान्यातले रिपोर्ट, फॉर्म 16 च्या पीडीएफ, आणि शाळेतल्या मुलांचे पत्ते-फोन असलेली यादी. ती यादी पाहून मावशी गप्प झाली. स्वतःची कागदपत्रं एक वेळ ठीक, पण दुसऱ्यांच्या मुलांची माहिती आपल्या हातून बाहेर जात होती, हे तिला लागलं.

हे कसं घडलं, हे समजायला सातबाऱ्याचं उदाहरण पुरेसं आहे. उताऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जागेवरचं घर पडत नाही. डिस्कवरही एक नोंदवही असते. कोणत्या नावाची फाइल कुठल्या जागेत ठेवली आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आपण डिलीट करतो तेव्हा फाइल फक्त रिसायकल बिनमध्ये सरकते. बिन रिकामी केली की नोंदवहीत ‘ही नोंद आता वापरात नाही, ही जागा मोकळी’ एवढीच खूण होते. फाइलचा मजकूर जिथे होता तिथेच राहतो. त्याच जागेवर दुसरी फाइल लिहिली जाईपर्यंत तो टिकतो, आणि ते उद्या होईल की कधीच होणार नाही, हे आपल्या हातात नसतं.

संगणक असं करतो ते वेळ वाचवण्यासाठी. दोन जीबीचा व्हिडिओ खरोखर पुसायचा तर तेवढ्या सगळ्या जागेवर नव्याने लिहावं लागेल. नोंदीवर खूण करणं क्षणाचं काम आहे.

मावशीने केलेलं फॉरमॅट होतं ‘क्विक’ प्रकारचं. विंडोजमध्ये Quick Format या चौकटीत आधीपासूनच टिचकी असते. त्याने जुनी नोंदवही बाजूला जाऊन नवी कोरी वही येते, घरं तशीच राहतात. फोटोरेकसारखा प्रोग्रॅम वही पाहतच नाही. तो डिस्क सुरुवातीपासून वाचत जातो आणि फायलींच्या ओळखीच्या खुणा शोधतो. प्रत्येक पीडीएफची सुरुवात %PDF या अक्षरांनी होते, जेपीईजी फोटोची सुरुवातही ठरलेल्या बाइट्सनी होते. खूण दिसली की तिथून पुढचा मजकूर तो उचलतो. म्हणूनच नावं गेली, पण फोटो आले.

ही एकट्या मावशीची चूक नाही. अमेरिकेतल्या एमआयटीतले सिम्सन गार्फिंकेल आणि अभि शेलट या संशोधकांनी 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या 129 डिस्क चालू होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. बाकीच्यांमध्ये क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त क्रमांक, आजारपणाची पत्रं, खासगी पत्रव्यवहार असं बरंच काही सापडलं. एक डिस्क तर एटीएम यंत्रातून आलेली होती आणि त्यात खातेक्रमांकांसह व्यवहारांच्या नोंदी होत्या.

मग पुसायचं कसं? आधी आपल्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते पाहावं लागतं, कारण फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि चिपवर चालणारी एसएसडी यांचे उपाय वेगळे आहेत. विंडोजच्या शोधपट्टीत Defragment and Optimize Drives असं लिहून ती खिडकी उघडली की प्रत्येक ड्राइव्हसमोर Hard disk drive किंवा Solid state drive असं लिहिलेलं दिसतं.

मावशीच्या लॅपटॉपमध्ये 500 जीबीची हार्ड डिस्क होती. त्यातला साधारण 300 जीबीचा भाग D: आणि उरलेला C:. पेनड्राइव्हवर घेतलेले फोटो दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडतात ना, हे आम्ही आधी पाहिलं. पुढचं काम मागे फिरवता येत नाही, म्हणून ही पायरी कधीही वगळू नये. मग लॅपटॉप चार्जरला लावला, शोधपट्टीत cmd लिहून Run as administrator निवडलं आणि काळ्या खिडकीत ही आज्ञा दिली:

```
format D: /FS:NTFS /P:0
```

यातल्या /P:0 चा अर्थ असा की D: च्या प्रत्येक जागेवर शून्य लिहायचं. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासून मगच एंटर दाबायचं. सव्वा तास लागला. मावशीला तो फार वाटला, पण वेळ लागणं हीच इथे चांगली खूण आहे. जुनी लॅपटॉपची डिस्क सेकंदाला 80 एमबीच्या आसपास लिहिते. त्या वेगाने 300 जीबी भरायला तासाहून जास्त वेळ लागणारच. शेकडो जीबीची हार्ड डिस्क कुणी पाच मिनिटांत पुसून दिली, तर ती पुसलेली नाही, हे नक्की समजावं.

C: वर विंडोज स्वतःच चालू असल्यामुळे तिथे ही आज्ञा चालत नाही. त्यासाठी सेटिंग्जमधल्या Recovery या भागात Reset this PC आहे. त्यात Remove everything निवडायचं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच गोम आहे. पुढच्या पडद्यावर Change settings मध्ये जाऊन Clean data? समोर Yes करावं लागतं. ते केलं नाही, तर जुन्या फायली फक्त नोंदवहीतून जातात आणि विंडोज नव्याने बसतं. नवं विंडोज वीस-पंचवीस जीबी जागा घेतं. म्हणजे 200 जीबीच्या C: वर उरलेल्या पावणेदोनशे जीबीत जुनं सामान तसंच पडून राहू शकतं. लॅपटॉपला एकाहून जास्त ड्राइव्ह असतील, तर तिथेच Delete files from all drives? असाही प्रश्न असतो. तो नजरेतून सुटला की D: ला कुणी हातही लावत नाही.

ही सोय घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा उद्योगांच्या मानकांत ती बसत नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच म्हटलं आहे. दवाखाना, पतपेढी किंवा सीएच्या कार्यालयातला लॅपटॉप असेल, तर पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या एनवाइपसारख्या प्रोग्रॅमने अख्खी डिस्क पुसावी आणि मग विंडोज नव्याने टाकावं.

किती वेळा पुसायचं, याबद्दल एक जुना समज अजून फिरतो. पीटर गटमन यांनी 1996 मध्ये 35 वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती. ती त्या काळच्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्क एकत्र धरून केलेली होती. आजच्या डिस्कवर ते सगळे 35 फेरे घालण्यात अर्थ नाही, हे पुढे गटमन यांनीच स्पष्ट केलं. आताच्या हार्ड डिस्कवर सगळ्या जागेवर एकदा नीट लिहिलं की पुरतं.

एसएसडीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यातल्या चिपचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो. एकच कप्पा झिजू नये म्हणून तिच्यातला नियंत्रक दर वेळी नव्या जागी लिहितो आणि काही कप्पे राखीव ठेवतो. आपल्याला वाटतं, जुन्या फाइलवर शून्य लिहिली. प्रत्यक्षात ती दुसरीकडे लिहिली जातात आणि जुनी प्रत मागे राहू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे मोजून दाखवलं. एकेकटी फाइल वरून लिहून पुसण्याच्या पद्धतींनंतरही त्या फाइलचा 4 ते 75 टक्के भाग एसएसडीवर शिल्लक सापडला. आजच्या विंडोजमध्ये डिलीट केलेली जागा एसएसडीला कळवली जाते आणि ती बऱ्याचदा आपणहून साफ होते. पण कधी आणि किती, याची खात्री देता येत नाही.

तिथला खरा उपाय म्हणजे कुलूप आणि किल्ली. डिस्कवरचा सगळा मजकूर आधीपासून सांकेतिक भाषेत लिहिलेला असेल, तर किल्ली नष्ट केली की मागे उरलेले कप्पे वाचूनही काही कळत नाही. विंडोजमध्ये हे काम बिटलॉकर करतो. काही लॅपटॉपांत तो Device encryption या नावाने दिसतो. तो चालू आहे का, हे अॅडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत असं कळतं:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात Percentage Encrypted समोर 100% आणि Protection Status समोर Protection On दिसायला हवं. Used Space Only असं लिहिलेलं असेल, तर कुलूप लावायच्या आधी डिलीट केलेल्या फायली त्याच्या बाहेरच राहिलेल्या असू शकतात. सगळं ठीक असेल, तर Clean data सह रीसेट करावं. लॅपटॉपच्या बायोसमध्ये किंवा डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये Secure Erase असेल, तर त्याहून उत्तम, कारण ती आज्ञा थेट नियंत्रकाला जाते आणि राखीव कप्पेही तिच्या आवाक्यात येतात. कुलूप शेवटच्या दिवशी लावण्यापेक्षा लॅपटॉप नवा असतानाच लावलेलं बरं.

बिघडलेल्या डिस्कला यातलं काहीच चालत नाही. चालू होत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, दुरुस्त करून वाचणारे लोक असतात. अशी डिस्क लॅपटॉप देण्याआधी काढूनच घ्यावी. मुलाला नवी स्वस्त एसएसडी घालून दिली, तर तो जुना लॅपटॉपही जास्त वेगाने चालेल.

शेवटी आम्ही फोटोरेक पुन्हा चालवला. D: वर एकही फाइल सापडली नाही. C: वर सापडल्या त्या नव्या विंडोजच्या स्वतःच्या चित्रांच्या आणि फायलींच्या होत्या. मावशीच्या घरातलं एकही चित्र त्यांत नव्हतं. मगच तिने लॅपटॉप पिशवीत घातला.

तुम्हीही जुना लॅपटॉप देणार असाल, तर त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा. आणि पुसून झाल्यावर शोधूनही पाहा. शोधून काही सापडलं नाही, तेव्हाच तो दाराबाहेर जाऊ द्या.