कोपर अस्पष्ट असलेला आलेख

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांचे पर्जन्यमानानुसार गट पाडावयास बसलेला अभ्यासक के-मीन्स पद्धतीने प्रथम एक, मग दोन, मग तीन अशा गटांची मांडणी करतो, प्रत्येक मांडणीत तालुक्यांचे आपापल्या गटाच्या सरासरीपासूनचे अंतर घेऊन त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज काढतो, आणि या बेरजांची रेषा जेथे कोपरासारखी वाकेल तेथे गटांची संख्या मुक्रर झाली असे मानतो. रेषेत वाक आहे त्या अर्थी आकडेवारीत गट आहेतच, हा यातील मूळ गैरसमज होय.

वस्तुस्थिती पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अंबाजोगाईकडून आष्टीकडे जाताना पाऊस साधारणपणे उणावत जातो; समजा, हा उतार इतका समान आहे की क्रमाने मांडलेल्या अकरा तालुक्यांत प्रत्येकाचा आकडा आधीच्याहून नेमका एका एककाने कमी आहे. येथे कोठेही खंड नाही, म्हणून नैसर्गिक गटही नाहीत. तरीही एका गटाची बेरीज 110, दोन गटांची 27.5, तीन गटांची 12, चारांची 6.5 आणि पाचांची 4 येते. ही रेषा दोनापाशी किंवा तिनापाशी ठळकपणे वाकलेली दिसते. परंतु तो वाक गटसंख्या वाढली की बेरीज घटणे अपरिहार्य असल्यामुळे आलेला आहे, आणि अकरा गट केल्यास तीच बेरीज शून्यावर येईल.

वाक अस्पष्ट असला तर नजर अधिक बारकाईने रोखावी, हा दुसरा समज. प्रत्यक्षात आडवा अक्ष चार गटांपर्यंत काढला की अकरापर्यंत, एवढ्यानेही वाकाचे भासमान स्थान सरकते. म्हणून टिबशिरानी, वॉल्थर आणि हेस्टी यांनी 2001 साली मांडलेली तफावतीची कसोटी मला अधिक विश्वासार्ह वाटते: त्याच मर्यादेत यदृच्छेने विखुरलेल्या, गटविरहित आकड्यांच्या अनेक मालिका तयार कराव्यात, त्यांच्या बेरजांचे लॉगरिदम आपल्या बेरजांच्या लॉगरिदमशी ताडून पाहावेत, आणि आपली बेरीज त्यांच्याहून लक्षणीय खाली उतरत नसेल तर एकच गट मानावा. सिल्हूट हे दुसरे प्रचलित माप या प्रश्नाला अपुरे पडते, कारण ते दोन गटांच्या खाली मोजताच येत नाही. शिवाय अकरा ही संख्या अल्प असल्याने एकेक तालुका वगळून पुन्हा मांडणी करणे इष्ट. पाटोदा वगळताच शिरूर कासारचा गट बदलत असेल, तर ती विभागणी ठिसूळ समजावी.

तथापि प्रशासनाला टंचाई निवारणाची तजवीज तीन टप्प्यांत करावयाची असेल, तर तीन गट करण्यास गणिताची हरकत नाही. मात्र त्या अहवालात, तीन ही संख्या कामाच्या सोयीसाठी घेतली असून आकडेवारीने ती सिद्ध केलेली नाही, अशी स्पष्ट नोंद असावी आणि सीमेलगतच्या तालुक्यांची नावे पृथक द्यावीत. अन्यथा अगदी नगण्य फरकाने पलीकडच्या गटात गेलेला तालुका मदतीच्या यादीतून गळतो.