दुबईतल्या नाणेफेकीची किंमत: 35 दिसते, 7 धरावी

2021च्या ट्वेंटी-20 विश्वचषकात दुबईच्या मैदानावर 13 सामने झाले. नाणेफेक जिंकणाऱ्या संघाने त्यांतले 11 जिंकले, म्हणजे 85 टक्के. नाणेफेकीला काहीच अर्थ नसता तर हा आकडा 50च्या आसपास राहिला असता. वरवर पाहता दुबईत नाणेफेकीची किंमत 35 टक्केबिंदू निघते. हे 35 खरे मानून कुणी विजेत्याचे भाव मांडले, तर समान ताकदीच्या दोन संघांपैकी नाणेफेक जिंकणाऱ्याचा भाव 2.00वरून 1.18वर आणावा लागेल. एवढी उडी त्या 13 सामन्यांच्या आधारावर घेता येत नाही.

(महाराष्ट्रात क्रिकेटवरचा सट्टा बेकायदा आहे. इथे भाव म्हणजे ब्रिटनसारख्या देशांतल्या परवानाधारक बाजारातला दशांश भाव. 1ला त्या भावाने भागले की बाजाराला वाटणारी विजयाची शक्यता मिळते; भाव 2.00 असेल तर 50 टक्के. दलालाचा नफा इथे वगळला आहे.)

पहिली वजावट संघांच्या ताकदीची. दुबईत ऑस्ट्रेलियाने 5पैकी 4 नाणेफेकी जिंकल्या आणि तो संघ अखेर विश्वविजेता ठरला. भारताने तिथे स्कॉटलंड आणि नामिबियाविरुद्ध नाणेफेक जिंकली. ते सामने भारत नाणेफेक हरूनही बहुधा जिंकलाच असता. म्हणून प्रत्येक सामन्यासाठी प्रश्न असा हवा: नाणे उडण्यापूर्वी या संघाची शक्यता किती होती? खऱ्या अभ्यासात ती नाणेफेकीआधीच्या भावातून घ्यावी. उदाहरणापुरते मी स्वतःचे अंदाज वापरले आहेत: स्कॉटलंडविरुद्ध भारत 95 टक्के, भारताविरुद्ध पाकिस्तान 38, अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ऑस्ट्रेलिया 55, न्यूझीलंडविरुद्ध स्कॉटलंड 6, आणि याच धर्तीवर बाकीचे. नाणेफेक जिंकलेल्या 13 संघांच्या शक्यतांची बेरीज 7.1 येते. म्हणजे नाण्याची मदत नसती तरी या संघांकडून 7 विजय अपेक्षित होते. प्रत्यक्षात 11 आले. जादा 3.9 विजय 13 सामन्यांत वाटले की 30 टक्केबिंदू उरतात. ताकदीच्या हिशेबाने 35मधले फक्त 5 गेले.

दुसरी वजावट नशिबाची, आणि ती खूप मोठी आहे. याच शक्यता धरल्या तर 13 सामन्यांतल्या विजयांची संख्या निव्वळ योगायोगाने 1.6ने वरखाली होऊ शकते. हे प्रमाण विचलन सामन्यामागे 12 टक्केबिंदूंचे भरते. म्हणून मोजमाप '30' नसून '30, चूक 12' असे आहे.

अशा डळमळीत मोजमापाला पूर्वीच्या अनुभवाशी तोलावे लागते. माझे गृहीत असे: ट्वेंटी-20त नाणेफेकीची सरासरी किंमत सुमारे 3 टक्केबिंदू, आणि मैदानामैदानांतला फरक साधारण 5. आता वजन काढायचे. मैदानांतल्या फरकाचा वर्ग 25, चुकीचा वर्ग 144. 25 भागिले 169 म्हणजे 0.15. दुबईच्या आकड्यावर फक्त 15 टक्के विश्वास, उरलेला 85 टक्के सर्वसाधारण अनुभवावर. 3 अधिक (27चे 15 टक्के) म्हणजे जवळपास 7. ज्याला मैदानांतला फरक 10 वाटतो त्याचे उत्तर 14 येईल. त्याहून वर जाण्यासाठी 13 सामने पुरत नाहीत.

7 टक्केबिंदूंचा भावातला अर्थ: समान संघांत 2.00चा भाव नाणेफेक जिंकणाऱ्यासाठी 1.75 आणि हरणाऱ्यासाठी 2.33 होतो. इथे एक चूक वारंवार होते. नाणेफेक जिंकून 57 टक्के आणि हरून 43, यांतले अंतर 14 आहे, पण भाव सरकतो 7नेच. कारण आधीच्या 50 टक्क्यांत दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्याने भरलेल्या असतात. 14 हा आकडा सरळ भावावर चढवला की परिणाम दुप्पट मोजला जातो.

शिवाय हे 7 सगळ्यांना सारखे लागत नाहीत. 50चे 57 होणे म्हणजे जिंकण्या-हरण्याचे गुणोत्तर 1.33 पट होणे. तेच गुणोत्तर 90 टक्क्यांच्या संघाला लावले तर तो 92.3वर जातो, आणि 6 टक्क्यांचा स्कॉटलंड 7.8वर. नाणेफेक जिंकूनही स्कॉटलंड 16 धावांनी हरला, यात अपवाद शोधण्यासारखे काही नाही.

नाणेफेक जिंकणाऱ्याचा दुसरा पराभव अधिक सांगतो. अफगाणिस्तानने पाकिस्तानविरुद्ध नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी घेतली आणि सामना 5 गडी राखून गमावला. बाकी 12 वेळा कर्णधारांनी क्षेत्ररक्षण घेतले होते. म्हणजे 13पैकी 12 सामने नंतर फलंदाजी करणाऱ्याने जिंकले. संध्याकाळी 6ला सुरू झालेल्या सामन्यांत तर 10पैकी 10. दुपारी 2च्या सामन्यांत 3पैकी 2. दव पडून चेंडू ओला झाला की फिरकी गोलंदाजाच्या बोटांत तो बसत नाही, आणि हे दुसऱ्या डावात घडते. त्यामुळे भाव हलवायचा तो कर्णधाराचा निर्णय कळल्यावर. नाणे कुणाच्या बाजूने पडले एवढ्यावर नाही. दव नसेल तर हा जादा परिणामही नाही.

याच मैदानाचे बाकीचे आकडे बघा. विश्वचषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्याच्या 9 दिवस आधी, 15 ऑक्टोबर 2021ला, कोलकात्याने आयपीएलच्या अंतिम सामन्यात नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. चेन्नईने 192 धावा करून 27 धावांनी विजय मिळवला. 2022च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननेही तेच केले आणि श्रीलंकेकडून 23 धावांनी हरला. 2025च्या चॅम्पियन्स करंडकात भारत दुबईत 5 सामने खेळला, पाचही नाणेफेकी हरला आणि पाचही सामने जिंकला. एकदिवसीय सामने ट्वेंटी-20त मिसळू नयेत, पण 13पैकी 11 आणि 5पैकी 0 हे दोन्ही आकडे एकाच मैदानाचे आहेत.

निकालांऐवजी भावाची हालचाल मोजणे हा दुसरा मार्ग. नाणेफेकीच्या 2 मिनिटे आधीचा भाव आणि पहिल्या चेंडूआधीचा भाव, दोन्ही शक्यतेत बदलून फरक काढायचा. यात सामन्याच्या निकालाचे नशीब नसल्याने थोड्या सामन्यांतही आकडा स्थिर येतो. दोन मर्यादा मात्र आहेत. त्याच वेळी अंतिम 11 खेळाडू जाहीर होतात, त्यामुळे प्रमुख गोलंदाज बाहेर बसला असेल तो सामना वगळावा. आणि हा आकडा बाजाराचे मत सांगतो, खरी किंमत सांगत नाही. बाजार 4ने हलत असेल आणि आपले उत्तर 7 असेल, तर 13 सामन्यांच्या चुकीपुढे 3चा फरक काहीच सिद्ध करत नाही.

हिशेबाचा निकाल: दुबईत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, समान संघांत, नंतर फलंदाजी घेणाऱ्याला 7 टक्केबिंदू. दुपारच्या सामन्याला सर्वसाधारण 3.