एकच गुलाब, तीन बाटल्या : सुगंधी तेलाचे लेबल कसे वाचावे?

ईद जवळ आली की घराघरांत अत्तराच्या कुप्या नव्याने भरल्या जातात. हल्ली त्या कुप्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू दिसू लागली आहे : ड्रॉपर लावलेली तपकिरी काचेची छोटी बाटली. कुणी ती डोकेदुखीवर कपाळाला लावते, कुणी वाफाऱ्यात टाकते, तर कुणी बाळाच्या मालिशच्या तेलात चार थेंब घालते. बाटलीवर गुलाबाचे चित्र असते आणि दुकानदार म्हणतो, "गुलाबाचे तेल आहे, शंभर टक्के शुद्ध." पण सारख्याच चित्राच्या तीन बाटल्यांत तीन अगदी वेगळ्या वस्तू असू शकतात, आणि एकीचा वापर दुसरीला लावला तर त्याचा त्रास अंगाला होतो. म्हणून आम्ही गुलाबाच्याच तीन बाटल्या समोर ठेवल्या आणि लेबले अक्षर न् अक्षर वाचली. कंपन्यांची नावे येथे देत नाही. प्रश्न एखाद्या कंपनीचा नसून वाचण्याच्या सवयीचा आहे.

तीन बाटल्यांवर काय लिहिले होते?

पहिली बाटली 10 मिलीची, किंमत 199 रुपये. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'प्युअर रोझ ऑइल' आणि 'अरोमाथेरपी'. मागे बारीक अक्षरांत 'फ्रॅग्रन्स' हा एकच शब्द.

दुसरीही 10 मिलीची, किंमत 450 रुपये. पुढे 'रोझ अरोमाथेरपी ब्लेंड', मागे 'जोजोबा तेलात 3 टक्के रोझ ऑइल'.

तिसरी जेमतेम 1 मिलीची, किंमत 950 रुपये. तिच्यावर 'रोझा डॅमासेना' हे वनस्पतीचे शास्त्रीय नाव होते. 'फुले' हा वनस्पतीचा भाग, 'वाफेने ऊर्ध्वपातन' ही काढण्याची रीत, फुले कुठल्या देशातली ते आणि बॅच क्रमांकही होता.

तिसरी बाटली म्हणजे इसेन्शियल ऑइल. काही मराठी लेबलांवर याचे भाषांतर 'आवश्यक तेल' असे छापलेले असते, ते चुकीचे आहे. येथे 'इसेन्शियल' हा शब्द 'इसेन्स' म्हणजे अर्क यावरून आला आहे. म्हणून आपण त्याला अर्कतेल म्हणू. वनस्पतीतून वाफेने, किंवा लिंबू-संत्र्याच्या बाबतीत साल दाबून, जे उडून जाणारे सुगंधी तेल निघते ते अर्कतेल. त्यात बाहेरचे काही मिसळलेले नसते.

पहिली बाटली फ्रॅग्रन्स ऑइल, म्हणजे सुगंध-तेल. हा गंध प्रयोगशाळेत वेगवेगळी सुगंधी रसायने जुळवून तयार होतो आणि एखाद्या पातळ द्रवात विरघळवला जातो. 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' या एका शब्दाखाली अशी कितीतरी द्रव्ये येऊ शकतात, आणि ती एकेक करून सांगण्याचे बंधन उत्पादकावर सहसा नसते. मग 'प्युअर' खोटे आहे का? उत्पादक म्हणेल, हे निव्वळ फ्रॅग्रन्स ऑइलच आहे! 'प्युअर' म्हणजे काय प्युअर, हे विचारायचे काम ग्राहकाचे आहे.

दुसरी बाटली मिश्रण आहे. थोडे अर्कतेल आणि बाकी जोजोबा, बदाम किंवा खोबरेल यांसारखे साधे तेल. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त प्रमाण छापलेले हवे. 3 टक्के असे लिहिले असेल तर आपण कशाचे पैसे देतो ते कळते. नुसते 'ब्लेंड' लिहिले असेल तर ते 3 टक्के आहे की एखादा थेंब, हे कळायला मार्ग नाही.

हिशेब मांडून पाहू

गुलाबाचे एक किलो अर्कतेल काढायला साधारण साडेतीन हजार किलो ताजी फुले लागतात. म्हणजे एका ग्रॅमला साडेतीन किलो. 10 मिली गुलाबतेलाचे वजन साधारण साडेआठ ग्रॅम भरते, म्हणजे त्या एका छोट्या बाटलीत जवळजवळ 30 किलो फुले. फुलांचा भाव किलोला फक्त 100 रुपये धरला तरी नुसत्या फुलांचेच 3,000 रुपये होतात. भट्टी, मजुरी, बाटली आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. मग 199 रुपयांत 10 मिली गुलाबाचे शुद्ध अर्कतेल येणार कुठून?

आता दुसरी बाटली. 10 मिलीचे 3 टक्के म्हणजे 0.3 मिली. त्याला सुमारे एक किलो फुले, म्हणजे 100 रुपये. त्यावर जोजोबा आणि इतर खर्च धरला तर 450 रुपये पटतात. तिसऱ्या बाटलीतल्या 1 मिलीला तीन किलो फुले, म्हणजे 300 रुपये. त्यावर 950 रुपये ही किंमतही समजण्यासारखी आहे. किंमत जुळली म्हणून माल खरा ठरत नाही. पण किंमत अजिबात जुळत नसेल तर खोटा नक्की ओळखता येतो.

हाच हिशेब सर्व तेलांना लावू नये. निलगिरी किंवा लिंबाचे अर्कतेल मुळातच स्वस्त असते, कारण पानांतून आणि सालीतून ते भरपूर निघते. म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवा. एकाच कंपनीच्या यादीत गुलाब, चंदन, निलगिरी आणि लिंबू यांच्या सारख्या बाटल्या एकाच किमतीला असतील, तर निदान गुलाब आणि चंदन तरी अर्कतेल नाही. स्ट्रॉबेरीच्या 'इसेन्शियल ऑइल'ची बाटली दिसली तर हिशेबाचीही गरज नाही. स्ट्रॉबेरीतून असे तेल काढून विकले जातच नाही.

लेबलावरचे फसवे शब्द

'थेराप्युटिक ग्रेड' हा शब्द पाहून अनेक जण जादा पैसे देतात. अशी प्रतवारी ठरवणारी कोणतीही सरकारी किंवा स्वतंत्र संस्था नाही. कंपन्यांनी स्वतःच तो शब्द रूढ केला आहे. 'नेचर आयडेंटिकल' म्हणजे निसर्गातल्या द्रव्यासारखेच, पण कारखान्यात बनवलेले.

उलट काही शब्द उगाच घाबरवतात. परदेशी बाटलीवर सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल, लिनॅलूल अशी नावे दिसली की 'केमिकल टाकले' असे वाटते. ही द्रव्ये खऱ्या गुलाबतेलात निसर्गतःच असतात. काहींना त्यांची ॲलर्जी होते म्हणून युरोपात ती वेगळी छापावी लागतात. मात्र तीच नावे कृत्रिम सुगंध-तेलावरही असू शकतात, म्हणून त्यांवरून शुद्धता ठरत नाही.

आपल्या घरांत आणखी एक शब्द हमखास पाहिला जातो : 'अल्कोहोल फ्री'. याचा अर्थ इतकाच की पातळ करण्यासाठी स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, वापरलेले नाही. वस्तू नैसर्गिक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पहिल्या बाटलीवरही 'अल्कोहोल फ्री' छापलेले होते आणि ते खरेही असू शकते, कारण फ्रॅग्रन्स ऑइल बहुधा डायप्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवात पातळ करतात. दुसरीकडे यादीत 'फिनाइल इथाइल अल्कोहोल' दिसले तर दचकू नये. ते गुलाबाच्या फुलातच असणारे सुगंधी द्रव्य आहे, नशेचे मद्य नव्हे.

आणि अत्तर? कन्नौजच्या जुन्या रीतीत तांब्याच्या देगेत फुले उकळतात आणि बांबूच्या नळीतून ती वाफ भपक्यात जाते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते फुलांचा गंध दिवसेंदिवस पिऊन घेते. म्हणजे अस्सल अत्तरही एक मिश्रणच आहे, पण दोन्ही अंगांनी नैसर्गिक. चंदन महागल्यापासून अनेक जण त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरतात. म्हणून अत्तरवाल्याला विचारायचा प्रश्न 'असली आहे का?' हा नसून 'बेस कशाचा आहे?' हा आहे.

घरची परीक्षा कुठवर चालते?

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. निलगिरी किंवा लिंबाचे शुद्ध अर्कतेल उडून जाते आणि कागद जवळजवळ कोरा होतो. तेलकट डाग राहिला तर त्यात साधे तेल मिसळले आहे. पण चंदन आणि वाळा यांसारखी जड अर्कतेले शुद्ध असूनही बराच वेळ डाग ठेवतात. शिवाय प्रयोगशाळेतला सुगंधही उडूनच जातो, म्हणून फ्रॅग्रन्स ऑइल या परीक्षेत सापडेलच असे नाही. ते ओळखायला 'जीसी-एमएस' तपासणी लागते. अर्कतेल म्हणून चांगले पैसे घेणाऱ्या विक्रेत्याकडे त्या बॅचचा अहवाल जरूर मागावा आणि त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत लहान बाटल्यांना घटकांची पूर्ण यादी छापण्यातून सूट आहे. म्हणून छोट्या बाटलीबाबत हे विचारणे जास्तच गरजेचे.

कोणती बाटली कशासाठी?

फ्रॅग्रन्स ऑइल मेणबत्ती, साबण किंवा कपाटातल्या कापसाच्या बोळ्यासाठी ठीक आहे. त्वचेसाठी आहे असे लेबल स्पष्ट म्हणत नसेल तर ते अंगाला लावू नये, आणि वाफाऱ्यात तर मुळीच टाकू नये.

3 टक्क्यांचे तयार मिश्रण मोठ्या माणसाने थेट अंगाला लावायला असते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. पाण्यावर चालणाऱ्या डिफ्यूझरमध्ये ते घालू नये. त्यातले साधे तेल उडत नाही आणि यंत्र चोंदते.

शुद्ध अर्कतेल कधीही जसेच्या तसे लावू नये. मोठ्यांसाठी 2 टक्के पुरेसे आहे : 30 मिली बदाम तेलात 0.6 मिली, म्हणजे सुमारे 12 थेंब. दुसऱ्या बाटलीचे माप तिसरीला लावले, म्हणजे मिश्रण समजून अर्कतेलच चोळले, तर तीसपटीहून जास्त मात्रा अंगावर जाते. तान्ह्या बाळाच्या मालिशला यांतले काहीच नको, साधे तेलच बरे. निलगिरी, पेपरमिंट आणि कापूर लहान मुलांच्या नाका-तोंडाजवळ नेऊ नयेत. त्यांचा श्वास अडखळू शकतो.

निलगिरीचे तेल काही मिली जरी पोटात गेले तरी मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून या सर्व बाटल्या औषधांप्रमाणेच कुलपात असाव्यात. मुलाने तेल प्यायलेच, तर उलटी करवू नये. तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली हातात घेऊन तडक दवाखाना गाठावा. पोटात काय गेले, हे डॉक्टरांना त्या लेबलावरूनच कळणार आहे. म्हणून ज्या बाटलीवर वनस्पतीचे नाव, प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता नाही, ती कितीही सुवासिक असली तरी घरात आणू नये.