छाती साफ, मग ऑक्सिजन का उतरतोय? न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची गोष्ट

आमच्या लॅबमध्ये नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी एक केस देते. केस रचलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट वॉर्डात वारंवार घडते. पुण्यातल्या ४८ वर्षांच्या एक शिक्षिका आहेत, वजन ५४ किलो. त्यांना रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार आहे, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. त्यासाठी रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं, सोबत सायक्लोफॉस्फामाइड. आता अकरावा आठवडा चालू आहे आणि स्टेरॉइड कमी करत २० मिलिग्रॅमवर आलंय. सहा दिवसांपासून कोरडा खोकला, बारीक ताप आणि जिना चढताना दम. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, तर छाती साफ. एक्स-रे पाहिला, त्यातही डोळ्यात भरेल असं काही नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९३ दाखवतो. खोकल्याचं औषध आणि एक अँटिबायोटिक देऊन बाईंना घरी पाठवलं.

काय चुकलं, असं विचारलं की बहुतेक जण एक्स-रेवर बोट ठेवतात. माझ्या मते चूक आधीच, बाई खुर्चीवर बसलेल्या असताना झाली. त्यांना कुणी चालवून पाहिलंच नाही.

हा आजार होतो न्यूमोसिस्टिस जिरोवेसी नावाच्या बुरशीमुळे. प्राग शहरातल्या ओटो यिरोवेत्स या परजीवीतज्ज्ञाच्या नावावरून तिचं नाव ठेवलंय. बुरशी म्हणते खरी, पण १९८८ पर्यंत पुष्कळ जण तिला प्रोटोझोआ समजत होते. १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी ती पाहिली तेव्हा त्यांना ती ट्रायपॅनोसोमाचीच एक अवस्था वाटली होती. आरएनएचा क्रम तपासल्यावर कळलं की ही मंडळी बुरशीच्या घरातली. बरं, ही बुरशीसुद्धा विचित्र. तिच्या पटलात अर्गोस्टेरॉल जवळजवळ नसतं, म्हणून अँफोटेरिसिन आणि फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची नेहमीची औषधं इथे निकामी ठरतात. चालतं ते को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे जिवाणूंसाठीचं जुनं, स्वस्त, सल्फावालं औषध. या बुरशीला फोलेट स्वतः तयार करावं लागतं आणि हे औषध त्या कामातले दोन टप्पे अडवतं.

आता मूळ प्रश्न. फुप्फुस आजारी आहे, मग ते आवाज का करत नाही?

स्टेथोस्कोपमधून जी करकर ऐकू येते ती बहुतेक वेळा हवेच्या नळ्यांशी जोडलेली असते. मिटलेल्या बारीक नळ्या फटकन उघडतात, नाहीतर नळीत कफ खळखळतो. नेहमीच्या जिवाणूजन्य न्यूमोनियात एक भाग पू आणि पेशींनी गच्च भरतो. तिथे कान लावला की आवाज बदललेला कळतो, शेजारचा भाग मात्र ठीक असतो. न्यूमोसिस्टिस नळ्यांच्या वाटेला फारसा जात नाही. तो वायुकोशाच्या आतल्या पातळ, पसरट पेशींना (टाइप वन पेशींना) चिकटतो आणि तिथेच वाढतो. वायुकोशात फेसासारखा, जाळीदार द्रव साचतो आणि भिंत सुजून जाड होते. हे सगळं दोन्ही बाजूंना, सगळीकडे थोडं थोडं होतं. कफ नाही म्हणून खोकला कोरडा. एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी नाही, म्हणून तुलना करायलाही काही सापडत नाही. सुरुवातीचा एक्स-रे याच कारणाने फसवतो. पसरलेला हलका धूसरपणा साध्या चित्रात हरवतो, सीटी स्कॅनमध्ये मात्र दुधी काचेसारखा दिसतो.

थोडं शरीरक्रियाशास्त्र पाहू, कारण सगळी मेख इथेच आहे. विश्रांतीत लाल पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जायला साधारण पाऊण सेकंद घेते. निरोगी माणसात ऑक्सिजन भरून घ्यायला त्यातला एक तृतीयांश वेळ पुरतो, बाकीचा वेळ शिल्लक राहतो. भिंत जाड झाली की ती शिल्लक खर्ची पडते, पण बसलेल्या माणसाचं त्यावर कसंबसं निभावतं. माणूस चालू लागला की हृदय रक्त जोरात ढकलतं, लाल पेशीला मिळणारा वेळ घटतो आणि ती अर्धवट भरूनच पुढे जाते. त्यात चालताना स्नायू जास्त ऑक्सिजन ओढतात, म्हणून परत येणारं रक्त आधीच जास्त रिकामं असतं. द्रवाने भरलेल्या वायुकोशांपाशी त्या रक्ताला काहीच मिळत नाही आणि ते तसंच पुढे मिसळतं. आपल्या बाईंना वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं असतं, तर ९३ चे ८५ व्हायला दोन मिनिटंही लागली नसती. (मात्र विश्रांतीतच आकडा फार खाली असेल तर चालवायचा आग्रह धरू नये. तो धोका उगाच.)

ऑक्सिमीटर आणखी एका कारणाने गोड बोलतो. रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० वर आला, म्हणजे पार कोसळला, तरी संपृक्तता ९७-९८ वरून ९० च्या आसपासच येते. वक्राचा माथा सपाट आहे ना! ६० च्या खाली गेलं की मग घसरगुंडी.

म्हणून धमनीतल्या रक्ताची तपासणी करायची. दोन दिवसांनी बाई परत आल्या तेव्हा ती झाली. श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजनचा दाब ६३, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३०. दुसरा आकडा नीट पाहा. नेहमीचा आकडा ४० च्या जवळ असतो. बाई भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताहेत आणि त्या बळावर ऑक्सिजन टिकवून धरताहेत. या धडपडीने झाकलेला बिघाड किती, ते असं मोजतात:

वायुकोशातला ऑक्सिजन = ०.२१ × (हवेचा दाब − ४७) − (कार्बन डायऑक्साइड ÷ ०.८)

पुस्तकात हवेचा दाब ७६० घेतात. तो समुद्रसपाटीचा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे दाब ७११ च्या आसपास धरावा लागतो. म्हणजे ०.२१ × ६६४ = १३९, त्यातून ३० ÷ ०.८ म्हणजे ३७.५ वजा केले की साधारण १०२. वायुकोशात १०२ आणि रक्तात ६३, फरक ३९. या वयात तो सोळाच्या आसपास असायला हवा. ७६० धरून चाललात तर फरक ४९ येतो, म्हणजे एक चुकीचा स्थिरांक तुमच्या उत्तरात दहा मिलिमीटर घालतो. आमच्याकडे थीसिसच्या मसुद्यातही ही चूक सापडते.

आता समजा बाई थकल्या आणि कार्बन डायऑक्साइड ४० वर आला. फरक तोच ३९ राहिला असं धरलं, तर वायुकोशात ८९ आणि रक्तात फक्त ५०. संपृक्तता मग पंच्याऐंशीच्या आसपास. फुप्फुसाचा आजार एका काडीनेही वाढलेला नाही, फक्त श्वासाचे स्नायू दमलेत. हे रुग्ण अचानक बिघडले असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं बरंचसं आधीच आकड्यांत लिहिलेलं असतं.

निदान पक्कं करणं सोपं नाही. ही बुरशी नेहमीच्या प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, म्हणून ती थेट शोधावी लागते. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन आलेला द्रव घेतात आणि त्यावर सिल्व्हरचा रंग किंवा फ्लुरोसंट अँटिबॉडी वापरतात. एचआयव्ही असलेल्यांच्या फुप्फुसात बुरशी भरपूर असते, ती बहुधा दिसते. आपल्या बाईंसारख्या स्टेरॉइडवरच्या रुग्णांत बुरशी कमी असते आणि सूज जास्त. आजारही दिवसांत वाढतो, आठवड्यांत नाही. अशा वेळी रंग लावलेली काच कोरी निघू शकते. पीसीआर जास्त संवेदनशील आहे, पण आजारी नसलेल्या माणसाच्या फुप्फुसातही थोडी बुरशी असू शकते, त्यामुळे पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. सीटी, रक्तातलं बीटा-डी-ग्लुकान आणि पीसीआरमधलं प्रमाण एकत्र वाचावं लागतं. संशय पक्का असेल तर उपचार आधी सुरू करतात. औषध सुरू झाल्यावरही बुरशी बरेच दिवस द्रवात सापडते, त्यामुळे पुरावा लगेच नाहीसा होत नाही.

उपचाराची मात्रा किलोमागे दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम, २१ दिवस. बाईंसाठी ८१० ते १०८० मिलिग्रॅम. डबल स्ट्रेंथ गोळीत १६० असतात, म्हणजे दिवसातून तीनदा दोन गोळ्या. आजार गंभीर असेल तर शिरेतून. रक्तातलं पोटॅशियम वाढतं का, पेशी कमी होतात का आणि अंगावर पुरळ येतंय का, यावर लक्ष ठेवावं लागतं. एचआयव्हीच्या रुग्णांत ऑक्सिजनचा दाब ७० च्या खाली किंवा तो फरक ३५ वा जास्त असेल तर सोबत स्टेरॉइडही देतात, कारण मरणाऱ्या बुरशीवर उसळणारी सूजच ऑक्सिजन अडवते. बाईंसारख्यांत त्याचा पुरावा तेवढा भक्कम नाही, निर्णय रुग्णागणिक होतो. त्यांचा आजार स्टेरॉइड कमी होत असतानाच का उफाळला, याचं एक स्पष्टीकरणही हेच सूज देते: दाबलेली प्रतिकारशक्ती जागी होऊ लागली आणि आधीच वाढलेली बुरशी तिला दिसली.

आणि आता ती गोष्ट, जी मला खरं तर बोचते. हा आजार टाळता आला असता. १९७७ मध्ये वॉल्टर ह्यूझ आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या जास्त धोका असलेल्या १६० रुग्णांवर चाचणी केली, त्यात बहुतेक मुलं होती. निम्म्यांना को-ट्रायमोक्साझोल, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्या ८० पैकी १७ जणांना न्यूमोसिस्टिस झाला. औषधवाल्या ८० पैकी एकालाही नाही. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. दहा वर्षांनी त्यांच्याच गटाने दाखवलं की आठवड्यातून सलग तीन दिवस औषध दिलं तरी भागतं. पण औषध बुरशीला दाबून ठेवतं, घालवत नाही. गोळी थांबली आणि प्रतिकारशक्ती तशीच कमकुवत असली की धोका परत येतो.

एचआयव्हीमध्ये कुणाला गोळी द्यायची हे सीडी४ च्या आकड्यावरून ठरतं. २०० च्या खाली धोका झपाट्याने वाढतो आणि एआरटी केंद्रात ही गोळी नेहमीच्या कामाचा भाग आहे. स्टेरॉइडवरच्या माणसाकडे असा एकच आकडा नसतो. ढोबळ मानाने रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चार आठवड्यांहून अधिक आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, असं असेल तर गोळीचा विचार करतात. बाई पहिल्या महिन्यातच त्या रेषेच्या पलीकडे होत्या. संधिवाताचे डॉक्टर समजले की फॅमिली डॉक्टर लिहितील, फॅमिली डॉक्टर समजले की संधिवातवाल्यांनी लिहिली असेल. रोजची एक गोळी दोन प्रिस्क्रिप्शनच्या मधल्या फटीत पडली.

अपवाद मात्र तपासा. सल्फाची तीव्र ॲलर्जी असेल तर ॲटोव्हाक्वोन किंवा वाफेतून पेंटामिडीन. डॅप्सोन द्यायचं तर आधी जी६पीडी. आणि रुग्ण मेथोट्रेक्सेट घेत असेल तर विशेष सांभाळा: दोन्ही औषधं फोलेटच्याच वाटेवर बसलेली आहेत, एकत्र आली की अस्थिमज्जा खाली बसू शकते.

आपल्या बाई एकविसाव्या दिवशी उपचाराच्या मात्रेवरून रोज एका गोळीवर आल्या. प्रिस्क्रिप्शनवर कधी थांबवायचं तेही लिहिलं होतं: सायक्लोफॉस्फामाइड संपून, स्टेरॉइड बऱ्यापैकी खाली आल्यावर, आणि तेही रक्त तपासून.