सोळा नग एकदम की एकामागून एक?

पडद्याच्या दांडीच्या टोकाला बसवायची सोळा टोपणं थ्री-डी प्रिंटरवर काढायची आहेत असं समजा. प्रत्येक टोपण २० मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच. प्रिंटर घराघरांत आणि छोट्या वर्कशॉपमध्ये दिसतो तसा साधा, २२० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या बेडचा. सोळा नग बेडवर आरामात मावतात. पण ते कोणत्या क्रमाने काढायचे, हे प्रिंटर सुरू करण्याआधी ठरवावं लागतं. माल हातात किती वेळात येणार, काही बिघडलंच तर किती नग वाया जाणार आणि प्रिंटर स्वतःच्याच कामावर आदळणार का, हे या क्रमावर अवलंबून असतं.

या प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, तापलेल्या नोझलमधून वितळून बाहेर पडते आणि थरावर थर चढत वस्तू उभी राहते. थराची जाडी ०.२ मिलिमीटर धरली तर आपलं टोपण ९० थरांचं होतं. वस्तूचे थर पाडून नोझलचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला स्लायसर म्हणतात. वेगळं काही सांगितलं नाही तर स्लायसर सगळे नग एकदम वाढवतो. सोळा टोपणांचा पहिला थर, मग सोळांचा दुसरा, असं करत शेवटपर्यंत. दुसरी पद्धत एकेक नगाची: पहिलं टोपण तळापासून माथ्यापर्यंत पूर्ण, मग नोझल वर उचलून बाजूला नेऊन पुन्हा बेडपर्यंत खाली आणायचं आणि दुसरं सुरू करायचं. Cura मध्ये ही निवड Print Sequence या नावाखाली One at a Time अशी दिसते, PrusaSlicer मध्ये Complete individual objects अशी, तर Bambu Studio आणि OrcaSlicer मध्ये By object अशी.

एकेक नगाची पद्धत ऐकायला सरळ वाटते, पण धडकेचा मोठा धोका तिच्यातच आहे. नोझल म्हणजे सुईच्या टोकाएवढी गोष्ट नव्हे. तिच्याभोवती गरम होणारा ठोकळा, पंखा आणि हवा खाली वळवणारी नळी असते. काही प्रिंटरवर बेडची उंची मोजणारा प्रोबही असतो. पंख्याची नळी नोझलच्या टोकापेक्षा काही मिलिमीटरच वर असते. दुसऱ्या टोपणाचा पहिला थर घालायला नोझल बेडपर्यंत उतरते तेव्हा हा सगळा संसारही तिच्यासोबत खाली येतो. शेजारी १८ मिलिमीटर उंचीचं तयार टोपण उभं असेल आणि मधलं अंतर अपुरं असेल, तर नळी थेट त्याच्यावर आदळते.

म्हणून पहिलं माप घ्यायचं ते हेडच्या पसाऱ्याचं. नोझलच्या टोकापासून हेडचा सर्वांत लांबचा भाग आडवा किती अंतरावर आहे, ते चारही बाजूंनी पट्टीने मोजायचं. आपल्या उदाहरणात ते ३५ मिलिमीटर आलं असं धरू. मग दोन टोपणांच्या कडांमध्ये निदान ३५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. एका रांगेत चार टोपणं आणि मधली तीन अंतरं मिळून १८५ मिलिमीटर होतात. पाचवं टोपण घातलं तर २४० होतात आणि ते बेडबाहेर जातं. म्हणजे चार गुणिले चार, बरोबर सोळा. एकदम काढायचे असतील तर सगळे नग सोबतच वाढतात, शेजारी उंच काही उभंच नसतं, त्यामुळे ५ मिलिमीटर अंतरही पुरतं आणि आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट टोपणं मावतात. नग शेकड्यांनी काढायचे असतील तर इतक्यावरच निर्णय होऊन जातो.

दुसरं माप उंचीचं. हेड ज्या आडव्या दांडीवरून डावी-उजवीकडे सरकतं तिला गँट्री म्हणतात. बेड पुढेमागे सरकणाऱ्या प्रिंटरमध्ये ही दांडी बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते. नोझल बेडला टेकवून दांडीचा, तिच्या मोटरचा किंवा पट्ट्याचा सर्वांत खालचा भाग बेडपासून किती वर आहे ते मोजायचं. तो २५ मिलिमीटर असेल तर १८ मिलिमीटरची टोपणं दांडीखालून सुखरूप जातील. तीच टोपणं ३० मिलिमीटरची असती तर मात्र बाजूला कितीही जागा सोडून एका रांगेत दुसरा नग काढता आला नसता, कारण दांडी संपूर्ण रांगेवरून जाते. म्हणूनच PrusaSlicer मध्ये या मर्यादेपेक्षा उंच नग चालतो तो फक्त सर्वांत शेवटी काढायचा असेल तर. वेगवेगळ्या उंचीचे नग असतील तेव्हा बुटके आधी, उंच शेवटी, हा क्रम पाळावा.

ही दोन्ही मापं स्लायसरमध्ये भरायची असतात आणि तिथे भरलेल्या आकड्यांवर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो. कुणी पंखा बदलून मोठा बसवला, प्रोब नव्याने लावला आणि आकडे जुनेच राहिले, तर स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं आणि प्रत्यक्षात हेड आदळतं. धडक झाली की खटकन आवाज येतो, एखादा नग बेडवरून निखळतो किंवा मोटरची पावलं चुकतात. अशा साध्या प्रिंटरला आपण चुकलो हे कळत नाही. तो त्याच चुकीच्या जागेवरून पुढचं काम चालू ठेवतो. अमुक उंचीपासून वरचा सगळा भाग एका बाजूला सरकलेला दिसला की धडक कुठल्या थरावर झाली ते नेमकं कळतं.

मग सगळे नग एकदमच काढावेत का? त्या पद्धतीतही धडक होते, फक्त तिचं स्वरूप वेगळं असतं. बाहेर झुकलेल्या कडा थंड होताना वर वळतात. नोझल एका टोपणावरून दुसऱ्यावर वेगाने जाताना त्या वळलेल्या कडेला ठोकर देते. तळ रुंद असेल तर नग तग धरतो. तळ लहान असेल तर तो उखडतो, नोझलसोबत फरफटतो आणि शेजारच्यांनाही पाडतो. नोझल हवेतच प्लॅस्टिक सोडत राहते आणि बेडवर तारांचा गुंता होतो. प्रवासात नोझल ०.२ ते ०.४ मिलिमीटर वर उचलायला सांगणं आणि प्रत्येक नगाच्या तळाभोवती ब्रिम, म्हणजे पातळ झालर घालणं, हे यावरचे दोन खात्रीचे उपाय.

शिवाय प्रवास किती होतो ते पाहा. सोळा टोपणं एकदम काढताना नोझल दर थराला सोळा उड्या घेते; ९० थरांना १,४४० उड्या होतात. एकेक काढताना संपूर्ण कामात फक्त पंधरा. दर उडीला फिलामेंट थोडं मागे ओढावं लागतं आणि तरीही वितळलेला एखादा केसासारखा धागा सुटतोच. पीईटीजी आणि टीपीयूसारख्या तार सोडणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये हे फार जाणवतं. प्रत्येक नग हाताने साफ करत बसावं लागतं.

एवढं ऐकून एकेक नगाची पद्धतच बरी वाटेल. पण लहान नगांच्या बाबतीत तिसरं माप आडवं येतं, आणि ते असतं वेळेचं. टोपणाचा एक थर घालायला समजा सहा सेकंद लागतात. पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक सुमारे २०० अंश सेल्सिअसला नोझलमधून बाहेर पडतं आणि साधारण ६० अंशांखाली आल्यावरच घट्ट होतं. सहा सेकंदांत खालचा थर पुरेसा निवत नाही. त्याच्या डोक्यावर पुढचा गरम थर बसला की कोपरे ढासळतात आणि माथा लिबलिबीत होतो. म्हणून स्लायसरमध्ये एका थराला किमान वेळ ठरवलेला असतो. तो दहा सेकंद धरला तर प्रिंटर मुद्दाम हळू चालतो. मग एका टोपणाला ९०० सेकंद, म्हणजे पाव तास लागतो आणि सोळांना चार तास. एकदम काढले तर एका थराचे सोळा नगांचे मिळून ९६ सेकंद होतात. दुसऱ्या नगांवर काम चालू असताना पहिला आपोआप निवतो, हळू चालण्याची गरजच पडत नाही. दर उडीला एक सेकंद धरला तरी सगळं काम दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांत संपतं. उड्या शंभरपट असूनही वेळ कमी लागतो. नगाचा एक थर मुळातच दहा सेकंदांहून जास्त वेळ घेत असेल तर मात्र हा फायदा उरत नाही.

आता वीज जाण्याचा विचार करू. दोन तासांनी वीज गेली तर एकेक पद्धतीत आठ टोपणं पूर्ण हातात असतात. एकदम काढली असतील तर सोळाही टोपणं जेमतेम १३ मिलिमीटरवर अडकलेली असतात. वीज आल्यावर पुढून सुरू करायची सोय काही प्रिंटरमध्ये असते, पण तोवर बेड थंड होऊन नग सुटलेले असू शकतात. एक नग बिघडल्यावर तेवढाच वगळून बाकीचे चालू ठेवण्याची सोयही आता अनेक प्रिंटरमध्ये आहे. ती असेल तर एकदम काढण्यातला धोका बराच कमी होतो, पण तिचा उपयोग करायला कुणीतरी तिथे हजर असावं लागतं.

या सगळ्या हिशेबातून लहान नगांसाठी मधला मार्ग निघतो. सोळा टोपणांचे चार-चारचे चार लॉट करायचे आणि प्रत्येक लॉटमधले चार नग एकदम काढायचे. चार नगांचा एक थर २४ सेकंदांचा होतो, म्हणजे निवायला भरपूर वेळ मिळतो. उड्या धरून एका लॉटला ४२ मिनिटं आणि चार लॉटना पुन्हा तेच दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यात माल काढून बेड पुन्हा तापवायची थोडी मिनिटं तेवढी वाढतात. शेजारी तयार नग उभा नसल्याने हेड त्याच्यावर आदळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि काही बिघडलंच तर चारच नग जातात, सोळा नाहीत.

एकेक नगाची पद्धत राखून ठेवावी ती मोठ्या थराच्या, गँट्रीखाली बसणाऱ्या, तार सोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या थोड्या नगांसाठी, किंवा रात्रभर कुणी लक्ष द्यायला नसेल तेव्हा. पण ती निवडण्याआधी आपल्या प्रिंटरचं हेड आणि गँट्री पट्टी लावून मोजा, आणि हेडवर काहीही नवं बसवलंत की पुन्हा मोजा.