‘फिटनेस द्यावा, ही विनंती’

तालुक्याचा दवाखाना : भाग ९

मुरबाड किंवा शहापूरच्या फिजिशियनच्या टेबलावर ही चिठ्ठी आठवड्यातून दोन-तीनदा तरी येते. केसपेपरच्या कोपऱ्यात सर्जननं घाईत लिहिलेलं असतं : ‘हर्निया. डायबेटिस, बीपी आहे. भुलीसाठी फिटनेस द्यावा, ही विनंती.’ उत्तरही बहुतेकदा एका ओळीचं जातं : ‘फिट.’ भूलतज्ज्ञ अनेकदा कल्याणहून ऑपरेशनच्या दिवशीच येतात. त्यांच्या हाती एवढा एकच शब्द पडतो आणि त्यातून त्यांना काहीच कळत नाही. मला या शब्दाचं फार वाईट वाटतं. सर्जनला खरं तर तीन गोष्टी हव्या असतात : या माणसाला धोका किती, त्यातला कमी किती करता येईल, आणि त्यासाठी थांबणं परवडेल का. भूल द्यायची की नाही आणि कोणती, हे शेवटी भूलतज्ज्ञच ठरवतात. फिजिशियननं त्यांच्यापुढे माणूस उलगडून ठेवायचा.

उदाहरणासाठी एक रुग्ण घेऊ. धसईजवळच्या पाड्यावरचे एकसष्ट वर्षांचे शेतकरी, वजन ५२ किलो. जांघेतला हर्निया आडवं झालं की आत जातो. गणपती नुकतेच गेलेत, भात शेतात उभं आहे. मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला आहे. बीपी निघतं १७८/१००.

“बाबा, सकाळची गोळी घेतली?”

“न्हाय. उपाशी या म्हनले व्हते ना.”

या भागात उपाशी म्हणजे गोळीसुद्धा नाही, असाच अर्थ घेतला जातो. त्यात पहाटेची एसटी, रक्त काढण्याची रांग आणि मनात भीती. दहा मिनिटं खुर्चीला टेकून शांत बसवून पुन्हा पाहिलं, तर १६२/९४. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये ठरवलेला संकेत असा की, तपासणीच्या वेळी बीपी १८०/११० च्या खाली असेल तर तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया अडवू नये. म्हणजे खुर्चीतल्या आकड्यानं घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांना उभं केलं. तीन मिनिटांनी १३४/८०. वरचा आकडा २८ नं उतरला आणि नाडी ९२ वरून जेमतेम ९६ वर गेली. निरोगी शरीर उभं राहताच रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी फार पडू देत नाही. पडलंच, तर नाडी चांगली वाढवून सावरतं. वर्षानुवर्षांच्या साखरेनं ते करणाऱ्या नसाच दुबळ्या झाल्या आहेत. कंबरेतून दिलेली भूल पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या सैल करते. इथं तो धक्का झेलायला शरीराकडे काही उरलेलं नाही. म्हणून संपूर्ण तपासणीत मला हा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि केसपेपरवर तो जवळजवळ कधीच नसतो. तो नसला की खुर्चीतला १६२ पाहून कुणीतरी बीपीची गोळी वाढवतं आणि माणूस घरी जाऊन मोरीत चक्कर येऊन पडतो. या बाबांना गोळी वाढवायची नाही, आहे तीच रोज घ्यायला लावायची.

त्यानंतर मी नमस्कार करायला सांगतो. बाबांनी हात जोडले, पण तळवे पूर्ण चिकटेनात. करंगळ्यांच्या बाजूनं काडेपेटी सरकेल एवढी फट राहिली. जुन्या मधुमेहात सांधे आणि कातडी अशी ताठरते. बोटं ताठरली तर मान आणि जबड्याचे सांधेही ताठरलेले असू शकतात. पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल. भूलतज्ज्ञाला हे आदल्या दिवशी कळलं तर तयारी होते. टेबलावर कळलं तर धावपळ होते.

हृदयाचं काय? ईसीजीत स्नायू थोडा जाडावलेला, जुन्या झटक्याची खूण नाही. मधुमेह्याला झटका छातीत न दुखताही येऊन जातो, म्हणून ‘छातीत दुखतं का’ एवढं विचारून भागत नाही. बाबा लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चढ चढतात, धाप लागत नाही, वाटेत थांबावं लागत नाही. ज्याला हे जमतं त्याला टूडी इकोसाठी कल्याणला पाठवून एक दिवसाची मजुरी बुडवायचं मला कारण दिसत नाही.

क्रिएटिनीन १.५ आलं. कागदावर किंचित जास्त वाटतं. पण वय आणि वजन धरून हिशेब केला, तर मूत्रपिंडाचं काम मिनिटाला सुमारे ३८ मिलिलिटर निघतं. तरुण, निरोगी माणसात ते शंभराच्या आसपास असतं. ऑपरेशननंतर सवयीनं दिलं जाणारं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन या मूत्रपिंडाला महागात पडेल. ते देऊ नये, हे सर्जनला कळवलंच पाहिजे.

पिशवीतली पाकिटं मी स्वतः बाहेर काढतो. ‘शुगरची एक, बीपीच्या दोन’ यावर विसंबत नाही. यात टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची जोडगोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन निघालं. हे शेवटचं औषध स्वस्त झाल्यापासून खेड्यातही सर्रास दिसतं. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. माणूस उपाशी असताना ते अंगात राहिलं, तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ग्लुकोमीटर मात्र साखर १६०-१८० दाखवत राहतो. ऑपरेशननंतर उलट्या आणि खोल, भरभर श्वास सुरू झाला, तरी ‘साखर बरी आहे’ म्हणून कुणी कीटोन तपासत नाही. म्हणून हे औषध तीन दिवस आधी बंद.

उपाशीपोटीची साखर २१२, एचबीए१सी ९.४. साडेआठच्या वर असेल तर थांबता येणारी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, जखम चिघळण्याची भीती असते. हा हर्निया थांबू शकतो. भात झोडून होईपर्यंत दोन महिने मिळतात, आणि बाबांनाही तेच हवं आहे.

सर्जनना उत्तर गेलं ते असं : ‘आज नको, दिवाळीनंतर. साखरेचे उपचार बदलले आहेत. उभं राहिल्यावर बीपी २८ नं पडतं. कंबरेतून भूल दिल्यास ते झपाट्यानं उतरेल, बीपी चढवणारं औषध हाताशी हवं. मान-जबडा ताठर असण्याची शक्यता. डॅपाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद. टेल्मिसार्टन आदल्या सकाळी शेवटची. त्या दिवशी सकाळी अम्लोडिपिन घोटभर पाण्याबरोबर द्यावी, शुगरची जोडगोळी देऊ नये. यादीत पहिला नंबर द्यावा. साखर दर तासाला, १०८ ते १८० मध्ये. डायक्लोफिनॅक नको.’ पहिला नंबर एवढ्यासाठी की, जोडगोळी चुकून घेतली गेली आणि दुपारपर्यंत उपाशी ठेवलं तर साखर कोसळते. भुलीखालचा माणूस ‘घाम फुटला, गरगरतंय’ असं सांगू शकत नाही.

हेच बाबा काटा रुतून पू भरलेला, काळा पडत चाललेला पाय घेऊन आले असते, तर माझं उत्तर उलटं असतं. साखर ४०० असताना ‘आधी साखर उतरवा, मग ऑपरेशन’ असं लिहिणं ही मी पाहिलेली सर्वांत घातक चूक आहे. साखर त्या पुवामुळेच चढलेली असते, पू निघाल्याशिवाय ती उतरत नाही. अशा वेळी एचबीए१सीची वाट पाहायची नाही. कीटोन आणि पोटॅशियम बघायचं, सलाइन आणि इन्सुलिन सुरू करायचं आणि काही तासांत पू मोकळा करायचा. तेवढी सोय नसेल, तर इन्सुलिन चालू ठेवूनच गाडी ठाण्याच्या दिशेनं काढायची.

बाबांच्या मुलाला निघताना एकच गोष्ट दोनदा सांगितली. गाठ आत जाईना, दगडासारखी कडक झाली, उलटी झाली, तर दिवाळीची वाट पाहू नका, ही चिठ्ठीही शोधत बसू नका, त्याच तासाला निघा. त्यानं ते वडिलांना त्यांच्या बोलीत समजावलं आणि बाबांनी गोळ्यांची पाकिटं मोजून परत पिशवीत भरली.

(पुढच्या आठवड्यात : इन्सुलिन फ्रिजशिवाय कसं ठेवायचं)